शाळा सुटली की सोडली?

गेल्या वर्षी आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने एम.ए.चा लघुप्रबंध लिहिला. मूळ प्रबंध मराठीतून आणि त्याचा पंधरा पानांचा सारांश इंग्रजीतून. विषय तिच्याच वस्तीतला होता: यंत्रमागाच्या गावात आठवी-नववीनंतर मुलींचे शिक्षण का थांबते? तिची आई कांड्या भरायला जाते, मोठ्या बहिणीची शाळा सातवीत बंद झाली. त्यामुळे प्रश्न तिने पुस्तकातून उचललेला नव्हता. ४० मुलींच्या घरी जाऊन, चुलीपाशी नाहीतर मागाच्या खडखडाटात बसून तिने मुलाखती घेतल्या. (ती ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील आणि सगळे आकडे मी इथे बदलले आहेत. भाषेचा प्रश्न मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.)

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या आणि विचारले, “यातला तुमचा निष्कर्ष कोणता?”

मराठी प्रतीत वाक्य होते: “मातांच्या अर्थार्जनामुळे विद्यार्थिनी शिक्षण सोडतात.” इंग्रजी प्रतीत त्याच जागी लिहिले होते की, आईचे घराबाहेरचे काम आणि मुलीची शाळा थांबणे यांचा काहीएक संबंध ‘असू शकतो’ असे माहितीवरून ‘सूचित होते’. एका प्रतीत आयांना दोषी ठरवले होते. दुसऱ्या प्रतीत कुणालाच दोषी ठरवले नव्हते.

मुलगी गोंधळली. म्हणाली, “सर, अर्थ एकच आहे. इंग्रजीत तसं लिहावं लागतं.”

तिचे हे उत्तर माझ्या मनातून गेले नाही. मी गेली काही वर्षे समाजशास्त्र दोन्ही भाषांत शिकवते, आणि हेच उत्तर मला वेगवेगळ्या शब्दांत अनेक विद्यार्थ्यांकडून मिळाले आहे. त्यांच्या मते इंग्रजीत सांभाळून बोलायचे असते आणि मराठीत भारदस्त बोलायचे असते. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचे नुकसान कुणाला होते तेही पाहायला हवे. त्या प्रबंधाची इंग्रजी प्रत त्या वस्तीत कुणी वाचणार नाही. मराठी प्रत वाचली जाईल. म्हणजे जी प्रत तपासनीस वाचणार ती जपून लिहिलेली, आणि जी त्या आयांच्या हातात पडणार ती बेफिकीर. मराठीतून शिकलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा संशोधन करणाऱ्या मुलीकडून नकळत असे व्हावे, यात दोष तिचा कमी आणि आम्हा शिकवणाऱ्यांचा जास्त आहे. शास्त्रीय मराठी म्हणजे काय, हे आम्ही तिला सांगितलेच नव्हते.

परीक्षेनंतर तिला दुरुस्तीसाठी महिनाभराची मुदत मिळाली. त्या महिन्यात आम्ही दोघींनी दोन्ही प्रती ओळीओळीने वाचल्या. तेव्हा जे लक्षात आले, ते इथे मांडते आहे.

क्रिया कुणाची?

पहिली अडचण प्रबंधाच्या नावातच होती. मुलाखतींच्या वहीत मुलींचे बोल जसेच्या तसे टिपलेले होते. त्यांतल्या बहुतेक जणी म्हणत होत्या, “माझी शाळा सुटली.” घरी दखनी बोलणाऱ्या म्हणत होत्या, “मेरा इस्कूल छूट गया.” एकीनेही “मी शाळा सोडली” असे म्हटले नव्हते. काहींनी तिसरेच वाक्य वापरले होते: “घरच्यांनी शाळा बंद केली.”

सुटणे आणि सोडणे ही मराठीतली जोडी आहे, तशीच पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे. पहिल्या क्रियापदात गोष्ट घडते, दुसऱ्यात ती कुणीतरी करतो. “कप फुटला” आणि “कप फोडला” यांतला फरक चार वर्षांचे मूलही जाणते, कारण मार कुणाला बसणार हे त्यावर ठरते. “शाळा सुटली” म्हणणारी मुलगी सांगत असते की हे झाले, मी केलेले नाही.

इंग्रजी सारांशात तिने ‘ड्रॉपआउट’ हा शब्द वापरला होता. त्या भाषेत तो रुळलेला आहे, पण त्याच्या रचनेत मुलगी कर्ता होते: ती बाहेर पडते. याच कारणाने इंग्रजीतल्या काही अभ्यासकांनी ‘पुशआउट’, म्हणजे बाहेर ढकललेली, असा वेगळा शब्द वापरायला सुरुवात केली. मराठीत शिक्षण खात्याचा शब्द आहे ‘गळती’. पिंपातून पाणी गळावे तशी मुले गळतात. यात मुलगीही कर्ती नाही आणि दुसरे कुणीही नाही. तिने इंग्रजीतला ‘ड्रॉपआउट’ डोळ्यांसमोर ठेवून मराठीत “विद्यार्थिनींनी शिक्षण सोडले” असे लिहिले आणि ४० जणींपैकी एकीनेही न म्हटलेले वाक्य सगळ्यांच्या तोंडी घातले.

शाळेचा दाखलाही हेच करतो. त्याचे नावच ‘शाळा सोडल्याचा दाखला’, आणि त्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. ज्या मुलीची शाळा सुटली, तिच्याही नावावर कागदोपत्री ‘सोडली’ असेच लागते.

मग औपचारिक मराठीत काय लिहायचे? माझे उत्तर असे की “शाळा सुटली” हेच लिहायचे. ते बोलीतले आहे म्हणून अशास्त्रीय ठरत नाही. उलट, सुटली आणि बंद केली या दोन क्रियापदांनी तिच्या मुलाखतींचे दोन गट पडत होते. कर्ता माहीत नाही, कर्ते घरचे. इंग्रजीत हे दोन गट सांगायला दोन स्वतंत्र वाक्ये लिहावी लागली. मराठीत क्रियापदानेच काम झाले असते, आणि नेमके तेच तिने औपचारिकतेच्या नावाखाली पुसले होते.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे ‘-ण्यात आले’. इंग्रजीत पद्धतीचे प्रकरण लिहिताना ‘मी केले’ टाळून ‘केले गेले’ असे लिहिण्याची रीत आहे. तिचे शब्दशः मराठी करताना विद्यार्थी शासकीय परिपत्रकाकडे धाव घेतात: “मुलाखती घेण्यात आल्या”, “नोंदी करण्यात आल्या”, “संशोधिकेद्वारे निरीक्षण करण्यात आले”. मराठीला या वळणाची गरज फारशी नाही. “एप्रिल ते जून या काळात मुलाखती घेतल्या” हे पूर्ण वाक्य आहे. भूतकाळात क्रियापद ‘मुलाखती’ या कर्माप्रमाणे चालते, ‘मी’ गाळला तरी चालतो, आणि वाचकाला कर्ता कोण ते कळते. इंग्रजीत कर्ता गाळायचा तर वाक्य उलटे करावे लागते. मराठीत नुसते गप्प राहिले तरी पुरते.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. मुलाखती कुणी घेतल्या हे न सांगता कळते. पण “मुलींना शाळेतून काढण्यात आले” या वाक्यात कुणी काढले ते कळत नाही. बापाने, भावाने की हजेरी कमी भरली म्हणून शाळेने? तिच्या प्रबंधात असे वाक्य अकरा ठिकाणी होते. वहीत शोधल्यावर सात ठिकाणी उत्तर सापडले. उरलेल्या चार ठिकाणी मुलीला विचारलेच नव्हते. ‘-ण्यात आले’ने ही चूक झाकून ठेवली होती. आता मी विद्यार्थ्यांना सांगते की ‘-ण्यात आले’ लिहिलेत की समासात ‘कुणी?’ असे लिहा. उत्तर देता येत असेल तर ते वाक्यात घाला, येत नसेल तर पुन्हा जाऊन विचारा.

किती खात्रीने म्हणायचे?

आता मूळ वादाकडे येते. इंग्रजी शास्त्रीय लेखनाची एक ठळक सवय म्हणजे दाव्याचे वजन मोजून देणे. ‘मे’, ‘सजेस्ट्स’, ‘अपिअर्स टु’, ‘इज असोसिएटेड विथ’ या शब्दांच्या पायऱ्या असतात, आणि पुरावा जितका तितकीच पायरी चढायची असते. आमच्या विद्यार्थिनीला इंग्रजीच्या तासाला हे शिकवले गेले होते आणि तिने ते इमानदारीने पाळले होते.

मराठीच्या तासाला मात्र तिने निबंध लिहिले होते. निबंधात पायरी नसते, ठाम सूर असतो. त्यामुळे तिला वाटले की मराठीत अशी सोयच नाही. प्रत्यक्षात मराठीत ही सोय इंग्रजीइतकीच बारीक आहे. फक्त ती वेगळ्या शब्दांत नसून वाक्याच्या शेवटी, क्रियापदाच्या रूपात आहे. ही वाक्ये पाहा:

भावंडे सांभाळणे हे शाळा सुटण्याचे कारण आहे.
भावंडे सांभाळणे हे कारण दिसते.
भावंडे सांभाळणे हे कारण असावे.
भावंडे सांभाळणे हे कारण असेल.
भावंडे सांभाळणे हे कारण असू शकते.
भावंडे सांभाळणे हे कारण असल्याचे मुली सांगतात.

‘आहे’ म्हणजे मी सिद्ध केले. ‘दिसते’ म्हणजे समोरच्या माहितीत तसे आढळते. ‘असावे’ म्हणजे पुरावा पाहून मी अनुमान काढते. ‘असेल’ हा अंदाज. ‘असू शकते’ म्हणजे अशक्य नाही, इतकेच. आणि शेवटच्या वाक्यात जबाबदारी माझी नाही, सांगणारीची आहे. मी ऐकले ते नोंदवले. या सहांत बोलीतला नाही असा प्रकार एकही नाही. दारात चपला दिसल्या की “पाहुणे आले असावेत” असेच आपण म्हणतो, “पाहुणे येऊ शकतात” असे म्हणत नाही.

इंग्रजीतून विचार करणारे विद्यार्थी इथे दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक, ‘मे’ दिसला की सरसकट ‘शकते’ लिहितात. इंग्रजीतला ‘मे’ जेव्हा पुराव्यावरून काढलेले अनुमान सांगतो, तेव्हा मराठीत ‘असावे’ हवे. ‘शकते’ लिहिले की अनुमान विरघळून जाते आणि वाचक म्हणतो, काय, काहीही असू शकते. दुसरे, ‘सजेस्ट’चे ‘सुचवतात’ करतात. “निष्कर्ष असे सुचवतात की” हे वाक्य आता इतके दिसते की ते खटकतही नाही. पण मराठीत सुचवणे म्हणजे उपाय किंवा नाव पुढे करणे, आणि ते माणसे करतात. “यावरून असे दिसते की” हे साधे वाक्य त्या जागी जास्त नेमके आहे. मात्र “असे दिसते की” लिहून शेवटी पुन्हा “असावे” लिहू नये. दोनदा सावध झालेला लेखक घाबरलेला वाटतो.

क्रियापद शेवटी येते याचा आणखी एक परिणाम होतो. इंग्रजी वाचकाला दाव्याचे वजन वाक्याच्या आरंभीच कळते. मराठी वाचकाला ते शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. म्हणून चार ओळींचे इंग्रजी वाक्य चालून जाते, पण तेवढेच मराठी वाक्य वाचताना वाचक शेवटी ‘आहे’ येणार की ‘असावे’ येणार याची वाट पाहत थकतो. मराठीत वाक्य लहान ठेवणे ही सोपेपणाची हौस नाही. दावा कळावा म्हणून ते आवश्यक आहे.

आता तिच्या निष्कर्षाचे काय केले ते सांगते. वही उघडली. शाळा सुटलेल्या ४० मुलींपैकी २६ जणींच्या आया घराबाहेर कामाला जात होत्या. त्या २६ पैकी १९ जणींनी धाकटी भावंडे सांभाळायला घरी राहावे लागले असे सांगितले होते. मी विचारले, “ज्यांच्या आया कामाला जातात आणि तरी ज्या शाळेत आहेत, अशा किती मुलींना तू भेटलीस?” एकीलाही नाही. तिने फक्त शाळा सुटलेल्याच मुली घेतल्या होत्या. म्हणजे आईच्या कामामुळे शाळा सुटते, हे तिच्या माहितीवरून सांगताच येत नव्हते. आई कामाला जाण्याने मुलीच्या शाळेची फी भरली जाते, असेही दुसऱ्या घरांत असू शकेल. यावरून कळले की मराठी वाक्य तर चुकीचे होतेच, पण इंग्रजी वाक्यही पायरी चुकले होते. तुलनाच नसताना ‘असोसिएटेड विथ’ म्हणणे हाही जास्तीचा दावा होता. सावध शब्दांमुळे तो उघड दिसत नव्हता, एवढेच.

शेवटी मराठी असे झाले: “शाळा सुटलेल्या ४० मुलींपैकी २६ जणींच्या आया घराबाहेर कामाला जातात. त्यांतल्या १९ जणींनी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहावे लागल्याचे सांगितले. ज्या घरी आईच्या कामाच्या वेळेत मूल सांभाळायला दुसरे कुणी नाही, त्या घरी ही जबाबदारी मोठ्या मुलीवर येत असावी.” यात आईला दोष नाही. दोष असलाच तर पाळणाघर नसण्याचा आहे, आणि वाचक तो आपणहून ओळखतो. इंग्रजी वाक्यही मग याच तीन पायऱ्यांनी लिहिले: आकडा, मुलींचे सांगणे, आपले अनुमान. ‘रिपोर्टेड’ हे क्रियापद आले आणि ‘असोसिएटेड’ गेले.

‘ज्या घरी… त्या घरी’ ही रचनाही मुद्दाम केली. मूळ मराठीत तिथे “पर्यायी बालसंगोपन व्यवस्थेच्या अभावाच्या परिस्थितीतील कुटुंबांमधील ज्येष्ठ कन्यांवरील उत्तरदायित्वाचा भार” असा नामांचा गाडा होता. इंग्रजीत नामांची अशी चळत खपते, कारण ती जोडणारे शब्द छोटे असतात. मराठीत प्रत्येक नामाला ‘-च्या’, ‘-तील’, ‘-वरील’ चिकटतात आणि वाक्य धापा टाकते. जो-तो, जिथे-तिथे, जर-तर ही मराठीची स्वतःची चौकट आहे. अट घालायला आणि व्याख्या करायला तिच्याइतके काटेकोर साधन दुसरे नाही.

कुणाला ‘म्हणाले’, कुणाला ‘म्हणाली’?

तिसरी गोष्ट इंग्रजीत दिसतच नाही. तिथे मुख्याध्यापक ‘सेड’ आणि कांडीवाली बाईही ‘सेड’. मराठी प्रतीत मात्र कारखानदार “म्हणाले” होते, मुख्याध्यापक “म्हणाले” होते आणि चाळिशीची, चार मुलांची आई “म्हणाली” होती. मी तिला हे दाखवले तेव्हा ती गप्प झाली. त्या बाईला ती घरी ‘खाला’ म्हणते, अहोजाहो करते. प्रबंध लिहायला बसल्यावर मात्र तिच्या हातून एकेरी उतरले, कारण तिने वाचलेल्या पुस्तकांत मजूर बायका एकेरीतच बोलत होत्या.

मराठीत आदर व्याकरणात असतो. त्यापासून सुटका नाही. म्हणून निवड डोळसपणे करावी लागते. आम्ही नियम ठरवला की १८ वर्षांवरच्या प्रत्येक व्यक्तीला अनेकवचन, मग ती कारखानदार असो वा कांडीवाली. मुलींना त्या जसे स्वतःविषयी बोलतात तसे. नियम पहिल्या प्रकरणात एका वाक्यात लिहून टाकला. आता तीच बाई प्रबंधात “म्हणाल्या” आहे.

पुस्तकांतल्या लेखकांचेही असेच होते. मराठी शास्त्रीय लेखनात “मार्क्स म्हणतो” पण “आंबेडकर म्हणतात” ही जुनी रीत आहे. दूरचा तो एकेरी, आपला तो अनेकवचनी. त्यात अपमान नाही, पण एकाच परिच्छेदात दोघांची तुलना असेल तर पारडे आधीच झुकते. अशा ठिकाणी दोघांनाही अनेकवचन द्यावे असे माझे मत आहे.

उलट दिशेने जाताना ही आदराची सवय इंग्रजीत अडचण करते. तिच्या पहिल्या खर्ड्यात आंबेडकरांच्या नावाआधी ‘रिस्पेक्टेड’ होते आणि त्यांनी ते ‘ब्यूटिफुली’ म्हटले होते. इंग्रजीत नुसते आडनाव लिहिणे हा अनादर नाही. तिथे त्या लेखकाचे म्हणणे नीट मांडणे आणि नेमके पान देणे यातच आदर असतो. मुलांना नुसते आडनाव लिहायला जड जाते, हात अडखळतो. त्यांना हे कारण सांगितले की जमते. नुसते “हे लिहू नका” म्हणून खोडले की ते फक्त घाबरतात.

शुद्ध शब्द कोणता?

शेवटचा मुद्दा शब्दांचा. वहीतल्या ‘जबाबदारी’चे प्रबंधात ‘उत्तरदायित्व’ झाले होते, ‘मजुरी’चे ‘वेतन’, ‘नुकसान’चे ‘हानी’, ‘हक्क’चे ‘अधिकार’. मी कारण विचारले तर म्हणाली, “मॅडम, ते आमच्या घरातले शब्द वाटतात. शुद्ध मराठी नाही वाटत.” शाळेत एकदा तिच्या निबंधातले असे शब्द लाल शाईने अधोरेखित झाले होते. तेव्हापासून ती आपल्या तोंडचे फारसी-अरबी वळणाचे शब्द गाळत आली होती.

पण ते तिच्या एकट्या घरचे शब्द नाहीत. मराठीची औपचारिक भाषाच त्यांवर उभी आहे. कायदा, अर्ज, दावा, जामीन, वारस, तारीख, तक्रार, दाखला हे शब्द काढून टाकले तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही न्यायालयाचे आणि तहसील कचेरीचे काम एक दिवसही चालणार नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोश तयार झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. १९६० नंतर राज्याच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश केले, तेही बरेचसे संस्कृतावर आधारलेले. त्यांतले पुष्कळ शब्द रुजले आणि उपयोगी ठरले. ‘नमुना निवड’, ‘चल’, ‘सहसंबंध’ असे शब्द मी रोज वापरते. पारिभाषिक शब्द संस्कृतातून घडवला म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार याची आहे की ज्या जागी परिभाषेची गरजच नाही, तिथेही घरचा शब्द हलका समजून बदलला जातो, आणि त्यात अर्थ बदलतो.

‘मजुरी’ आणि ‘वेतन’ हे एक नाहीत. वेतन म्हटले की महिन्याची ठरलेली रक्कम डोळ्यांसमोर येते. मागावरच्या कामगाराला आणि कांडी भरणाऱ्या बाईला केलेल्या कामाच्या मापाने पैसे मिळतात, वीज गेली की तेही बुडतात. प्रबंधात ‘मातांचे वेतन’ वाचणाऱ्याला वाटेल की घरात दरमहा पगार येतो आहे. मग मुलीची शाळा का सुटली, हे कोडे होऊन बसते. इंग्रजीत तिने ‘पीस-रेट वेजेस’ असे अगदी बरोबर लिहिले होते, कारण तिथे ‘वेजेस’ आणि ‘सॅलरी’ यांतला फरक तिला कुणीतरी शिकवला होता. मराठीतला तोच फरक तिला जन्मापासून माहीत होता, आणि तोच तिने शुद्धतेच्या भीतीने टाकून दिला होता.

मी आता एवढीच कसोटी लावते: शब्द बदलल्याने अर्थ अधिक नेमका होतो का? होत असेल तर बदला. ‘यंत्रमाग’ हा ‘लूम’पेक्षा नेमका आहे, कारण त्याने हातमाग वेगळा पडतो. नेमका होत नसेल तर शब्द कुठल्या भाषेतून आला ते पाहू नका.

मग दोन भाषांत लिहायचे कसे?

त्या महिन्यात आमची एक पद्धत तयार झाली. आम्ही एका प्रतीचे दुसरीत भाषांतर करणे थांबवले. प्रत्येक निष्कर्षासाठी एक कागद घेतला आणि त्यावर वाक्य न लिहिता चारच गोष्टी लिहिल्या: काय घडले, कुणी केले, हे कुणी सांगितले आणि मला किती खात्री आहे. मग त्या कागदावरून मराठी परिच्छेद वेगळा लिहिला आणि इंग्रजी वेगळा. इंग्रजीत दावा पहिल्या वाक्यात ठेवला, कारण तिथला वाचक तो तिथे शोधतो. मराठीत आधी मुलीचे बोल, मग आकडा, मग अनुमान असा क्रम ठेवला. शेवटी दोन्ही परिच्छेद पुन्हा त्या कागदाशी ताडले. एकमेकांशी ताडले नाहीत. खात्री दोन्हीकडे सारखी उतरली की काम झाले.

याला वेळ जास्त लागतो. बारा निष्कर्षांना आम्हाला तीन आठवडे लागले, आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एवढा वेळ देणे मला जमणार नाही. म्हणून निदान निष्कर्षाचे प्रकरण तरी असे लिहावे, बाकीचे भाषांतराने चालेल, असे मी आता सांगते. काही जागी दोन भाषा जुळतही नाहीत. इंग्रजीतल्या ‘एजन्सी’साठी ‘कर्तेपण’ लिहिले तर दोन ओळींचा खुलासा द्यावा लागतो. ‘सुटली’साठी इंग्रजीत आम्हाला एक शब्द सापडलाच नाही. तिथे तिने मूळ मराठी वाक्य दिले आणि खाली त्याचा अर्थ लिहिला. परीक्षकांना ती तळटीप सगळ्यांत आवडली.

दुरुस्त प्रबंध बांधून आला तेव्हा तिने एक प्रत घरी नेली. आईला निष्कर्षाची दोन पाने वाचून दाखवली. आई कामावरून आली होती, ऐकता ऐकता भाजी निवडत होती. “ही जबाबदारी मोठ्या मुलीवर येत असावी” हे वाक्य आले तेव्हा तिचा हात थांबला. म्हणाली, “असावी काय, येतेच.” मुलीने मला हे हसत सांगितले. मी तिला म्हटले, त्यांना ‘येतेच’ म्हणायचा हक्क आहे, कारण त्यांनी ते भोगले आहे. तू ४० घरे पाहिली आहेस. तू ‘असावी’च लिही.